मेल निकाली काढताना दोन मिनिटांचा नियम नेमका कुठे लावायचा

प्रश्न: मॅडम, मी चाकणच्या एका ऑटो पार्ट्स कंपनीत परचेस बघतो. रोज ऐंशी-नव्वद मेल येतात. ‘दोन मिनिटांत होणारं काम लगेच करून टाका’ हा नियम महिनाभर पाळून पाहिला. इनबॉक्स हलका झाला, पण दिवस त्यातच जातो आणि रेट ठरवणं, नवीन व्हेंडर शोधणं ही खरी कामं संध्याकाळी सहानंतर सुरू होतात. कुठला मेल लगेच करायचा, कुठला नंतरसाठी ठेवायचा आणि कुठला सोडून द्यायचा, हे ठरवायचं कसं?

उत्तर:

क्रम उलटा करा. ‘हे सोडून द्यायचं का’ हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा आणि ‘दोन मिनिटांत होईल का’ हा सगळ्यात शेवटी. तुमच्या लिहिण्यावरून वाटतं की मेल उघडला की तुम्ही आधी घड्याळाकडे बघता. मग जी कामं करायचीच नव्हती, तीसुद्धा छोटी आहेत म्हणून होऊन जातात. मी आधी भोसरीत आणि नंतर चाकणलाच, मिळून बावीस वर्षं परचेसमध्ये काढली आहेत. हाताखाली आलेल्या जवळजवळ प्रत्येक मुलामुलीचं सुरुवातीला हेच झालेलं पाहिलंय.

हा नियम डेव्हिड ॲलन या अमेरिकन सल्लागाराने २००१ साली आलेल्या आपल्या पुस्तकातून लोकांपर्यंत नेला. त्यामागचा हिशेब साधा आहे. काम नंतरसाठी ठेवायचं म्हणजे ते कुठेतरी लिहा, तारीख टाका, त्या दिवशी मेल शोधा, परत वाचा, काय चाललं होतं ते परत आठवा. एवढ्या उस्तवारीला साधारण दोन मिनिटं लागतात. काम त्याहून छोटं असेल तर करून टाकणं स्वस्त पडतं. म्हणजे हा नियम फक्त दोन खर्चांची तुलना करतो. काम महत्त्वाचं आहे का, ते तुमचं आहे का, हे तो सांगत नाही.

शिवाय ही तुलना खरी ठरते ती तुम्ही मेल निकाली काढायलाच बसलेले असाल तेव्हा. समजा, कास्टिंगच्या तीन कोटेशनांची तुलना एक्सेलमध्ये चालू आहे. कोपऱ्यात मेलची पट्टी चमकली आणि तुम्ही मध्येच उठून एकाला पीओची, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरची, कॉपी पाठवलीत. पीओला दोन मिनिटं गेली, पण तिसऱ्या कोटेशनमध्ये फ्रेट धरलं होतं की वेगळं होतं, हे परत बघून डोकं जागेवर यायला पाच-सात मिनिटं गेली. तो खर्च या नियमात धरलेलाच नाही. दिवसभर मेल येईल तसा नियम लावला की हा न दिसणारा खर्च तीस-चाळीस वेळा भरावा लागतो. तुमची कामं सहानंतर सुरू होतात ती यामुळेच.

म्हणून पहिलं काम म्हणजे मेलच्या बैठका ठरवणं. मी दिवसात तीनदा मेल काढते: सकाळी साडेनऊ ते दहा, जेवणानंतर पावणेदोन ते दोन-पाच आणि संध्याकाळी पाच ते पाच-वीस. मधल्या वेळात मेलची पट्टी आणि आवाज दोन्ही बंद. परचेसमध्ये हे कसं चालेल, असं सगळे विचारतात. चालतं, कारण लाइन थांबायची वेळ आली की स्टोअर्सवाला मेल करत नाही, फोन करतो किंवा थेट टेबलापाशी येऊन उभा राहतो. मी फक्त ते उघडपणे सांगून ठेवलं: स्टोअर्स, प्लॅनिंग आणि नेहमीच्या दहा-बारा सप्लायरना, ‘एका तासाच्या आत उत्तर हवं असेल तर फोन करा, मेलला दिवसात तीनदा उत्तर मिळेल.’ पहिल्या आठवड्यात थोडे जास्त फोन आले, मग सगळ्यांना सवय झाली.

आता बैठकीत काय करायचं ते.

प्रत्येक मेलला पहिला प्रश्न: यात माझ्याकडून काय हवंय? हे एका क्रियापदात सांगता आलं पाहिजे. पाठवायचंय, ठरवायचंय, विचारायचंय, तपासायचंय. क्रियापद सापडलं नाही तर तो मेल बहुतेक वेळा फक्त माहितीचा असतो. दुसरा प्रश्न: मी काहीच केलं नाही तर कोणाचा फोन येईल, आणि कधी? उत्तर ‘कोणाचाच नाही’ असेल तर मेल आर्काइव्ह करायचा आणि पुढे जायचं. तिसरा प्रश्न: हे मीच करायचं आहे का? या तीन चाळण्यांतून जे खाली उरलं, त्यालाच दोन मिनिटांचा नियम लावायचा.

इथे दुसरी गफलत होते ती दोन मिनिटं मोजण्यात. मोजायचं ते पूर्ण काम, फक्त उत्तर टाइप करणं नाही. ‘पीओची कॉपी पाठवा’ असा मेल आला की ईआरपी उघडा, नंबर टाका, पीडीएफ काढा, जोडा, पाठवा. मी घड्याळ लावून बघितलं तेव्हा दीड मिनिटाच्या आत झालं. ‘पेमेंट कधी होणार ते कळवा’ हा मेल दिसायला त्याच्याहून छोटा. पण माल मिळाल्याची नोंद, म्हणजे जीआरएन, झालं का ते स्टोअर्सला विचारायचं, बिल पास झालं का ते अकाउंट्सला विचारायचं, तिथला माणूस जागेवर नसतो, मग तो परत फोन करतो. असं करत तिघांची मिळून बारा-पंधरा मिनिटं जातात आणि दुपारपर्यंत ते काम तुमच्या डोक्यात घोळत राहतं. एक आठवडा रोज दहा मेलना मोबाइलवर टायमर लावून बघा. माझा अनुभव असा की ‘पाठवा’ म्हणणारे मेल बहुतेक वेळा खरोखर दोन मिनिटांचे निघतात, कारण वस्तू तुमच्याकडे तयार असते. ‘कळवा’ म्हणणारे सहसा निघत नाहीत, कारण माहिती दुसऱ्याकडे असते. ती आधी मागवावी लागते.

तिसरी गफलत सगळ्यात महाग पडते आणि ती माझ्याकडून झालेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. आधीच्या कंपनीत असताना एका स्टील सप्लायरचं पत्र मेलने आलं: कच्चा माल महाग झाल्यामुळे १ तारखेपासून किलोमागे अडीच रुपये वाढ. माझी सकाळची बैठक चालू होती, समोर तीसेक मेल होते. मी ‘नोटेड, थँक्स’ लिहून पाठवलं. दहा सेकंदांचं काम. माझ्या मनात अर्थ होता, ‘पत्र मिळालं, बघते.’ पुढच्या महिन्याची बिलं नव्या दराने आली. अकाउंट्सने पीओशी जुळत नाहीत म्हणून अडवली, तेव्हा सप्लायरने माझा मेल समोर ठेवला: तुमच्या परचेसने मान्य केलंय. आम्ही त्यांच्याकडून महिन्याला चाळीस टन घेत होतो. किलोला अडीच रुपये म्हणजे महिन्याला एक लाख. वाद मिटायला दीड महिना गेला. शेवटी वाढ अर्धी झाली, पण ती १ तारखेपासूनच धरावी लागली. सप्लायर खोटं बोलत नव्हता. माझ्या दोन शब्दांचा त्याने लावलेला अर्थ लागू शकत होता.

तेव्हापासून मी एक रेघ ओढली आहे. ज्या मेलमध्ये दर, संख्या, डिलिव्हरीची तारीख किंवा ‘मान्य आहे’ हे येतं, तो कितीही छोटा असला तरी दोन मिनिटांच्या नियमात बसत नाही. घड्याळ हाताला लागणारा वेळ मोजतं, उत्तराचे परिणाम मोजत नाही. अशा मेलला तेवढ्यापुरतं उत्तर द्यायचं आणि खरं काम दिनदर्शिकेत टाकायचं. माझं ठरलेलं वाक्य आहे: ‘पत्र मिळालं. दराबद्दल चर्चा व्हायची आहे, तोवर सध्याच्या पीओचाच दर लागू राहील. गुरुवारपर्यंत कळवते.’ हे वाक्य मसुद्यांमध्ये तयार ठेवलंय. चिकटवायला वीस सेकंद लागतात. रागाने लिहिलेल्या मेललाही हीच रेघ लागू. क्वालिटीवाल्याने दहा जणांना सीसी करून ‘परचेसमुळे रिजेक्शन’ असं लिहिलं, तर उत्तर दोन मिनिटांत लिहून होतं, पण ते त्या बैठकीत लिहायचं नाही.

आता एका खऱ्या सकाळीवरून दाखवते. सोमवार, १६ तारीख, साडेनऊ. अठरा मेल.

मी सगळ्यात नवीन मेलपासून वर-खाली एकदा नजर फिरवते. कारण रात्रीत अर्धे धागे आपोआप सुटलेले असतात. बुशच्या बोअर साइझवरून शनिवारी क्वालिटीने दोन मेल टाकले होते, ‘परचेसने सप्लायरशी बोलावं’ म्हणून. त्याच धाग्यात रविवारी रात्रीचा तिसरा मेल होता: गेज चुकीचा होता, माल ठीक आहे. जुन्यापासून सुरुवात केली असती तर मी सप्लायरला फोन लावून बसले असते. तो धागा आर्काइव्ह. मशीन टूल प्रदर्शनाचं निमंत्रण, कुरिअर पोचल्याचा आपोआप येणारा मेल आणि सीसीमध्ये आलेला डिस्पॅच प्लॅन, हेही गेले. सहा मेल, तीन मिनिटं. एकालाही उत्तर नाही.

मग दोन मिनिटांचे पाच. सप्लायरला पीओची कॉपी पाठवली. स्टोअर्सला ड्रॉइंगची चालू रिव्हिजन कळवली, ती माझ्यासमोरच उघडी होती. हाताखालच्या मुलाची रजा मंजूर केली. ट्रान्स्पोर्टवाल्याला गेट किती वाजेपर्यंत उघडं असतं ते लिहिलं. पाचवा एका अनोळखी फास्टनर बनवणाऱ्याचा मेल होता, ‘आम्ही सर्व प्रकारचे बोल्ट बनवतो.’ एरवी तो सोडून दिला असता. पण त्या महिन्यात आम्हाला एम-१० फ्लँज बोल्टला दुसरा सप्लायर हवाच होता, म्हणून ‘नवीन व्हेंडर’ लेबल लावून ठेवला. पाचांना मिळून आठ मिनिटं.

दोन मेल दुसऱ्यांचे होते. एक तोच, ‘पेमेंट कळवा.’ तो अकाउंट्सला पुढे पाठवला, सप्लायरला सीसीत ठेवून, आणि स्पष्ट लिहिलं: ‘बिल नंबर खाली आहे. कृपया बुधवारपर्यंत यांना थेट कळवा.’ दुसरा सँपलच्या रिपोर्टचा, तो क्वालिटीला. दोन्ही पाठवताना ‘वाट’ नावाचं लेबल लावलं. या लेबलशिवाय काम दुसऱ्याला दिलं तर ते दुसऱ्याकडे जातं पण जबाबदारी तुमच्याकडेच राहते आणि तुम्ही ती विसरता. ‘वाट’ लेबल मी मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळच्या बैठकीत उघडते. उत्तर आलं असेल तर लेबल काढायचं, नसेल तर एक ओळ आठवण. एवढंच.

चार मेल नंतरसाठी. त्यातला एक समजावून सांगते, कारण ‘नंतर’ची तारीख कामाच्या स्वभावातून कशी काढायची हे त्यात दिसतं. अकाउंट्सचा मेल होता: ‘अमुक सप्लायरचं बिल आपल्या GSTR-2B मध्ये दिसत नाही, आयटीसी अडकलंय, तातडीने बघा.’ वर लाल निशाण. तातडीचा शब्द बघून नवीन माणूस लगेच सप्लायरला फोन लावतो. पण वेळापत्रक बघा. GSTR-2B म्हणजे आपल्याला मिळू शकणाऱ्या टॅक्स क्रेडिटची, आयटीसीची, यादी. ती दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. मासिक रिटर्न भरणारा सप्लायर आपली विक्रीची बिलं GSTR-1 या रिटर्नमध्ये ११ तारखेपर्यंत भरतो. आज १६. म्हणजे आज त्याने काहीही केलं तरी हे क्रेडिट या महिन्यात आपल्याला दिसणार नाही, ते पुढच्या महिन्याच्या २बीमध्ये येईल. म्हणून या मेलचं आजचं काम फक्त एक ओळीचं: सप्लायरला बिल नंबर आणि आपला जीएसटी नंबर लिहून ‘हे बिल राहिलंय, पुढच्या रिटर्नमध्ये नक्की घ्या, घेतलं की कळवा’, आणि अकाउंट्सला ‘या महिन्याच्या ३बीत हे धरू नका’, कारण त्यांचं हे रिटर्न, GSTR-3B, २० तारखेला आहे. खरी आठवण टाकली पुढच्या महिन्याच्या ८ तारखेला, सप्लायरचं रिटर्न भरायच्या तीन दिवस आधी. तेव्हा फोन केला तर त्याचा उपयोग आहे. मेलवर ‘तातडीचं’ लिहिलेलं असतं ते पाठवणाऱ्याच्या घाईबद्दल. तारीख ठरते ती काम पुढे कुठल्या दाराशी अडतंय यावरून.

बाकीचे तीन म्हणजे दरवाढीचं एक पत्र, कोटेशन मागवण्यासाठीची एक नवीन आरएफक्यू आणि वार्षिक स्टॉकसाठी मागितलेली यादी. ते दिनदर्शिकेत गेले. अठरावा मेल एका मीटिंगचं बोलावणं होतं. पॅकेजिंगच्या नव्या बॉक्सबद्दल, त्यात परचेसचं काम अजून पुढच्या टप्प्याला होतं. त्याला लिहिलं: ‘या मीटिंगला येत नाही. बॉक्सचं माप ठरलं की मला पाठवा, दोन दिवसांत कोटेशन मागवते.’

घड्याळात नऊ त्रेपन्न झाले होते.

नंतरसाठी ठेवताना सगळ्यात जास्त बिघडतं ते लिहिण्यात. दिनदर्शिकेत ‘दरवाढ’ असं लिहिलं की गुरुवारी सकाळी ते बघून तुम्ही परत विचार करायला लागता, म्हणजे मेल दुसऱ्यांदा पहिल्यापासून वाचता. मी असं लिहिते: ‘स्टील दरवाढ: मागच्या बारा महिन्यांची बिलं काढून दराचा आलेख, मग सप्लायरला फोन. ४० मिनिटं.’ क्रियापद, पहिली पायरी आणि लागणारा वेळ. वेळ लिहिण्याचा फायदा दोन-तीन आठवड्यांत कळतो. माझ्या दिवसात मेलच्या बैठका, फोन आणि शॉपफ्लोअरच्या चकरा सोडून साधारण तीन तास सलग कामाचे उरतात. गुरुवारी आधीच साडेतीन तासांची कामं पडली असतील तर चौथं काम तिथे टाकण्यात अर्थ नाही. तिथे मला निवडावं लागतं: ते पुढच्या आठवड्यात न्यायचं, दुसऱ्याला द्यायचं, की नाही म्हणायचं. तुमची अडचण मला इथेही दिसते. दोन मिनिटांच्या कामांनी इनबॉक्स हलका होतो. त्यामुळे मोठी कामं हातातल्या वेळेपेक्षा जास्त झाली आहेत हे दिसतच नाही.

स्नूझचं बटण मी जपून वापरते. जीमेलमध्ये मेल निवडून `b` दाबलं की तारीख विचारतं आणि मेल त्या दिवशी परत वर येतो. त्याआधी सेटिंग्जमध्ये कीबोर्ड शॉर्टकट चालू करावे लागतात, आर्काइव्हसाठी `e`. मेल त्या तारखेपर्यंत खरोखर निरुपयोगी असेल तेव्हाच स्नूझ: विमानाचं तिकीट, ऑडिटचं वेळापत्रक, २५ तारखेला येणाऱ्या डायचं चलन. ‘आत्ता नको वाटतंय’ म्हणून स्नूझ केलं तर तो मेल उद्या तसाच समोर येतो आणि परत नको वाटतो. एखादा मेल तिसऱ्यांदा स्नूझ करायची वेळ आली तर मी थांबते. तिसऱ्यांदा पुढे ढकललेल्या मेलमध्ये एकतर पहिली पायरी काय हेच ठरलेलं नसतं, नाहीतर तो सोडून द्यायचाच असतो. तिथल्या तिथे दोन्हींपैकी एक करायचं.

सोडून देण्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण चांगल्या स्वभावाच्या माणसांना हेच जड जातं. आपल्याकडे उत्तर न देणं म्हणजे उर्मटपणा असं मनात बसलेलं असतं. म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. ज्या मेलमध्ये समोरचा तुमच्या उत्तराची वाट बघत नाही, तो गुपचूप आर्काइव्ह करा. ज्यात बघतोय, पण तुम्ही ते करणार नाही, तो गुपचूप सोडायचा नाही. तिथे एका ओळीत नाही म्हणायचं, आणि ती ओळ हे खरं दोन मिनिटांचं काम आहे. ‘या वर्षी या आयटमला नवीन सप्लायर घेत नाही, एप्रिलमध्ये परत लिहा’ असं लिहिलं की तो माणूस दर आठवड्याला आठवण करत नाही. उत्तर टाळलं तर तेच काम पाच आठवणींच्या रूपाने परत येतं आणि प्रत्येक वेळी वाचायला वेळ जातो.

परचेसमध्ये डिलीट करू नका, आर्काइव्हच करा. दोन वर्षांनी एखाद्या रिजेक्शनवरून किंवा ऑडिटमध्ये कोणी काय कधी लिहिलं होतं हे शोधावं लागतं आणि डिलीट केलेला मेल जीमेलच्या ट्रॅशमधून तीस दिवसांनी कायमचा जातो. आर्काइव्ह केलेला मात्र सर्चमध्ये सापडतो. सीसीमधल्या मेलसाठी `cc:me` असं शोधून बघा, कोण-कोण तुम्हाला विनाकारण जोडतंय ते एका नजरेत कळेल. माझ्याकडे त्यात तीन आपोआप येणारे रिपोर्ट निघाले. त्यांना फिल्टर लावून थेट लेबलमध्ये पाठवलं आणि ते मी शुक्रवारी एकदाच बघते.

चाळणी ठीक लागलीय का हे तपासायचा माझा मार्ग असा. महिन्याच्या शेवटी बघते की मी सोडून दिलेल्यांपैकी किती मेल तक्रारीच्या रूपाने परत आले. एकही परत आला नसेल तर मी अजून जास्त सोडू शकते, हात आखडतेय. चार-पाच परत आले तर चाळणीची भोकं मोठी झाली आहेत आणि बहुतेक वेळा दोष दुसऱ्या प्रश्नात असतो: ‘कोणाचा फोन येईल’ हे मी नीट विचारलं नाही. एक-दोन येणं ठीक आहे. आणखी एक खूण सेंट फोल्डरमध्ये दिसते. दिवसाला साठ-सत्तर मेल जात असतील आणि त्यातले निम्मे ‘ओके’, ‘मिळालं’, ‘थँक्स’ असतील, तर तुम्ही दोन मिनिटांच्या नियमाने नवीन मेल जन्माला घालताय. प्रत्येक ‘ओके’ला उलट एक ‘थँक्स’ येतो आणि तो परत वाचावा लागतो. सप्लायरने चलन पाठवलं आणि ते बरोबर असेल तर उत्तर नको. चूक असेल तरच लिहीन, असं मी सप्लायरना एकदा सांगून टाकलं.

दोन मिनिटं हा आकडाही पक्का धरू नका. ॲलन यांनीही तो अंदाजाचा म्हणूनच सांगितलाय. सोमवारी सकाळी साठ मेल असतील तर मी हद्द एक मिनिटावर आणते, नाहीतर तीस मिनिटांच्या बैठकीत निम्मे मेल न बघताच राहतात, आणि न बघितलेल्यात लाइन थांबवणारा एखादा असू शकतो. शनिवारी दुपारी दहाच मेल असतील तर पाच मिनिटांची कामंही तिथेच उरकते. बैठकीची वेळ संपली आणि मेल उरले, असं तीन दिवस लागोपाठ झालं तर हद्द कमी करायची. मेल संपले आणि वेळ उरला तर वाढवायची.

साहेबांच्या मेलला मी वेगळा नियम लावत नाही, फक्त दुसरा प्रश्न थोडा जास्त काळजीने विचारते. ‘हे बघा’ एवढंच लिहून त्यांनी मेल पुढे पाठवला असेल तर त्यातलं क्रियापद काय हे तुम्ही ओळखत बसू नका. ‘सर, यात कोटेशन मागवू की फक्त माहितीसाठी आहे?’ असं विचारायला दहा सेकंद लागतात आणि एखादा अर्धा दिवस वाचतो.

आता तुमच्या इनबॉक्समध्ये जे जुनं पडलंय त्याचं. हा सगळा क्रम त्या ढिगावर चालवायला बसू नका, आठवडा जाईल. `in:inbox older_than:30d` असं शोधा. येतील त्यांत फक्त साहेबांचे आणि तुमच्या पाच मोठ्या सप्लायरचे मेल नजरेखालून घाला, त्यातलं काही जिवंत असेल तर त्याला तारीख द्या. बाकी सगळे एकदम निवडा, ‘जुने’ असं लेबल लावा आणि आर्काइव्ह करा. सगळे निवडताना पडद्यावर फक्त पहिल्या पानावरचे निवडले जातात. वर येणाऱ्या ओळीतून शोधात सापडलेले सगळे मेल निवडायला विसरू नका. मग मागच्या तीस दिवसांचे उरतील, ते रोज संध्याकाळच्या बैठकीत वीस-वीस करून वरच्या तीन प्रश्नांनी काढा. ‘जुने’मधलं काही लागलं तर सप्लायरचं नाव टाकून शोधलं की मिळतं. माझ्याकडचं असं लेबल चार वर्षांपूर्वीचं आहे. त्यातून आजवर मी एक टूलिंगचं ॲग्रीमेंट आणि दोन जुने ड्रॉइंग काढले आहेत.